हरवलेली वही, मैत्रिणीच्या फोनमधले फोटो आणि चौदा पानांच्या नोट्स

हे प्रकरण माझ्या घरातलं आहे. भाचीचं नाव बदलून मीरा ठेवलं आहे. कॉलेज, गाव आणि शिकवणारे सर यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. मी स्वतः स्थापत्य अभियंता आहे आणि पाणीपुरवठ्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून हा विषय माझ्याकडे आला.

## पार्श्वभूमी

मीरा सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि विषय होता फ्लुइड मेकॅनिक्स. सर फळ्यावर शिकवायचे. पीपीटी नाही, छापील नोट्स नाहीत. जे फळ्यावर ते वहीत. मीराची दोनशे पानी लाँगबुक होती आणि तिचं अक्षर वर्गात सर्वात सुवाच्य, त्यामुळे ज्याचं लेक्चर बुडेल तो तिच्याकडून पानांचे फोटो मागून घ्यायचा. ती स्वतःही दर आठवड्याला पानांचे फोटो काढून फोनमध्ये ठेवायची.

परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी, म्हणजे पीएल, लागायच्या आदल्या आठवड्यात वही एसटीत राहिली. डेपोत दोनदा चौकशी केली, मिळाली नाही. फोटो तर आहेत ना, असं म्हणून ती निवांत होती. चार दिवसांनी फोन पाण्यात पडला आणि दुरुस्तीवाल्याने बोर्ड गेल्याचं सांगितलं. फोटोंचा बॅकअप महिनोन्महिने बंद होता, कारण फुकटची जागा कधीच भरून गेली होती. म्हणजे वहीही गेली आणि वहीचे फोटोही गेले. पेपरला एकोणीस दिवस उरले होते.

## अडचण

मीराची जी मैत्रीण वारंवार आजारी असायची, तिला मीराने सेमिस्टरभर व्हॉट्सअॅपवर पानं पाठवली होती. त्या मैत्रिणीच्या फोनमध्ये ती आपोआप उतरलेली होती. मोजली तर ६१ फोटो निघाले, त्यातले ९ दुबार पाठवलेले. हातात ५२ पानं राहिली. मीराच्या आठवणीप्रमाणे लेक्चरची पानं सत्तरच्या पुढे होती, म्हणजे वीसेक पानं कुठेच नव्हती.

पानं होती पण वाचायला अवघड होती. व्हॉट्सअॅप फोटो पाठवताना दाबून लहान करतं. लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेल उरतात, आणि त्यात दोन समोरासमोरची पानं एकाच फोटोत घेतली असतील तर प्रत्येक ओळीच्या वाट्याला फारच थोडे ठिपके येतात. वाक्यं वाचता येतात, कारण अर्धा शब्द दिसला तरी उरलेला अर्धा आपण भरतो. सूत्रात तसं होत नाही. घात दिसला नाही तर तो भरायला मागचा-पुढचा शब्द नसतो.

## कोणते मार्ग समोर होते

पहिला मार्ग होता वर्गातल्या दुसऱ्या कुणाची तरी वही आणून झेरॉक्स काढायची. मीराने ते करून पाहिलं. दोन वह्या मिळाल्या. एकीत ऑक्टोबरपासून पानं कोरी होती. दुसरी जवळपास पूर्ण होती, पण लिहिणाऱ्याने चिन्हांचे अर्थ कुठेही लिहिले नव्हते. ती वही आम्ही टाकून दिली नाही, ताडून पाहायला जवळ ठेवली.

दुसरा मार्ग, सरळ पुस्तकावरून अभ्यास करायचा. पुस्तक जाडजूड आणि सर त्यातलं निवडून शिकवायचे. एकोणीस दिवसांत इतर चार विषयही होते.

तिसरा मार्ग म्हणजे फोनमधली फोटोतून मजकूर उचलायची सोय. मीराने पाच पानांवर ती चालवून पाहिली. इंग्रजी वाक्यं बऱ्यापैकी उतरली. सूत्रांचा मात्र चुराडा झाला. `V²/2g` चं `V2/29` झालं, अपूर्णांकाची रेघ गायब झाली, ρ आणि p सगळीकडे p झाले. वाक्यांसाठी ती वापरायची आणि सूत्रं हाताने टाइप करायची, असं ठरलं.

चौथा मार्ग, ५२ पानं जशीच्या तशी टाइप करायची. एक पान करून पाहिलं तर पाऊण तास गेला. हिशेब जमणारा नव्हता.

शेवटी ठरलं ते असं: प्रत्येक पानातून फक्त तीन गोष्टी काढायच्या. शीर्षक, व्याख्या आणि सूत्र. सोडवलेली उदाहरणं टाइप करायची नाहीत, पण फोटो जपून ठेवायचे. सिद्धता टाइप करायच्या नाहीत. या शेवटच्या निर्णयाबद्दल पुढे लिहिणार आहे, कारण तो पूर्ण बरोबर नव्हता.

## आधी यादी, मग टायपिंग

मीरा पहिल्याच संध्याकाळी टाइप करायला बसणार होती. मी तिला थांबवलं. कोणती पानं आहेत हेच माहीत नसताना टाइप करत गेलो असतो तर दहाव्या पानाला कळलं असतं की तिसऱ्या पानाचा चांगला फोटो दुसरीकडे होता.

आधी मूळ फाइल्स मिळवल्या. मैत्रीण गॅलरीतून पुन्हा फोटो म्हणून पाठवायला निघाली होती. तसं केलं असतं तर आधीच दाबलेले फोटो पुन्हा एकदा दाबले गेले असते. तिला केबल लावून पूर्ण फोल्डर लॅपटॉपवर घ्यायला सांगितलं. केबल नसती तर डॉक्युमेंट म्हणून पाठवूनही चाललं असतं, त्यात फाइल आहे तशी येते.

क्रम लावायला फाइलचं नावच कामी आलं. अँड्रॉइडवर व्हॉट्सअॅपमधून उतरलेल्या फोटोचं नाव असं असतं:

```
IMG-20240912-WA0014.jpg
```

मधला आकडा म्हणजे वर्ष, महिना, दिवस आणि शेवटचा त्या दिवसातला क्रमांक. फोटो कधी काढला ते यातून कळत नाही, त्या फोनवर कधी आला तेवढंच कळतं. त्यामुळे मैत्रिणीने दोन महिन्यांनी पुन्हा मागून घेतलेली पानं चुकीच्या जागी येत होती. ती मीराने वहीच्या कोपऱ्यात टाकलेल्या तारखेवरून परत जागेवर बसवली. एका तक्त्यात फाइलचं नाव, तारीख, पानावरचा विषय आणि वाचता येतं की नाही एवढे चार रकाने केले. याला पूर्ण एक दिवस गेला. मीराला तो दिवस वाया गेल्यासारखा वाटत होता.

## टाइप कसं केलं

एक जण मोठ्याने वाचणार, दुसरा टाइप करणार. वाचणारी मीरा, कारण अक्षर तिचं. सूत्र आपण सगळे वर्गात जसं वाचतो तसंच ती वाचायची: "एच एफ इक्वल टू फोर एफ एल व्ही स्क्वेअर अपॉन टू जी डी." वर्डमध्ये `Alt` आणि `=` एकत्र दाबलं की समीकरणाची चौकट उघडते. त्यात हे टाइप करून स्पेस दिली की अपूर्णांक उभा राहतो:

```
h_f=(4fLV^2)/(2gD)
```

"अपॉन टू जी डी" हे ऐकताना D छेदात आहे की बाहेर, ते कळत नाही. म्हणून आम्ही एक नियम केला. छेद सुरू झाला की "खाली" म्हणायचं आणि संपला की "संपलं" म्हणायचं. वर्गमुळालाही तेच: "रूट सुरू, टू जी, रूट संपलं." असं वाचायला लागल्यावर मीरालाच पहिल्या तासाभरात चार ठिकाणी कळलं की रूटची रेघ कुठपर्यंत आहे ते तिला फोटोत दिसत नाही. एरवी ती ओघात वाचून गेली असती.

अक्षरांना तीन रंग ठेवले. फोटोत स्पष्ट वाचलं ते काळं. फोटोत नाही किंवा दिसत नाही, पण पुस्तकातून किंवा दुसऱ्या वहीतून भरलं ते निळं. वाचलं पण खात्री नाही ते पिवळ्या पट्टीत. पिवळं काढायचं असेल तर कारण बाजूला लिहायचं. "मला वाटतं असंच असणार" हे कारण चालणार नाही.

प्रत्येक सूत्राखाली चिन्हांचे अर्थ, एकक आणि सूत्र कधी लागू होतं ते एका ओळीत. वहीत हे बहुतेक ठिकाणी नव्हतं, कारण लेक्चर ऐकताना ते डोक्यात असतं. पण हाच भाग नंतर आम्हाला सर्वात जास्त उपयोगी पडला.

## तीन वेगवेगळे V

रेनॉल्ड्स अंकाच्या पानावर मीराने वाचलं, "व्ही डी अपॉन व्ही." फोटोत खरंच दोन्ही सारखे दिसत होते. वरचा V म्हणजे वेग आणि खालचा ग्रीक ν, म्हणजे कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी. हे तिला माहीत होतंच, पण डोळे जे दिसेल ते वाचतात. टाइप करणाऱ्याला विषय येत नसता तर `Re = VD/V` असं छापलं गेलं असतं आणि पेपरच्या आदल्या रात्री कुणीतरी V कापून फक्त D ठेवला असता.

मेटासेंटरच्या पानावर तिसरा V निघाला. सूत्र होतं `GM = I/V − BG`. इथे V म्हणजे वेगही नाही आणि ν ही नाही, तो पाण्यात बुडालेल्या भागाचा व्हॉल्यूम आहे. मीराने आधी चिन्हांच्या ओळीत सवयीने "V: वेग" लिहिलं होतं. एकक घालून पाहिल्यावर ते पकडलं गेलं. I म्हणजे पाण्याच्या पातळीवरच्या छेदाचा मोमेंट ऑफ इनर्शिया, त्याचं एकक m⁴. त्याला m³ ने भागलं तर m येतं आणि GM ही लांबीच आहे. m/s ने भागलं तर m³·s असं काहीतरी येतं, ज्यातून m मध्ये असलेला BG वजा करताच येत नाही.

तेव्हापासून पूर्ण फाइलमध्ये वेग `V`, कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी `ν` आणि व्हॉल्यूम `∀` असं पक्कं केलं. वर्डच्या चौकटीत `\nu` आणि `\forall` टाइप केलं की ती चिन्हं येतात. घनतेच्या ρ साठीही `\rho` वापरायचं, p कधीच नाही.

याच पानावर व्याख्येचाही प्रश्न आला. फोटो काढताना मीराचा अंगठा ओळीच्या टोकावर आला होता. "वस्तू अमुक कोनातून कलवली असता ज्या बिंदूभोवती ती डोलू लागते तो मेटासेंटर" असं वाचता येत होतं, पण कोनाआधीचा शब्द झाकलेला होता. पुस्तकात तिथे "लहान" आहे. शब्द एकच, पण महत्त्वाचा, कारण कोन मोठा झाला की मेटासेंटर एका जागी राहतो असं धरता येत नाही. तो शब्द निळ्यात भरला. बाकी व्याख्या सरांच्या शब्दांत काळ्यात ठेवली, कारण पेपर तपासणारे तेच होते आणि मीराने ती त्याच शब्दांत पाठ केली होती.

## घात तीन की पाच

नॉच म्हणजे पाण्याचा प्रवाह मोजायची खाच. त्या पानाच्या मागच्या बाजूची शाई पुढे उमटली होती. आयताकृती नॉच आणि त्याखाली व्ही-नॉच, दोन्ही सूत्रांत H वरचा, म्हणजे पाण्याच्या उंचीवरचा, घात एक निळसर डाग होता. फोटो काळा-पांढरा करून कॉन्ट्रास्ट वाढवला, मोठा करून पाहिला. वरच्या डागात पोट दोनदा वळल्यासारखं वाटत होतं, म्हणजे ३. खालच्यात काहीच निश्चित होत नव्हतं. त्यात रूटची रेघ H च्या डोक्यावरूनही गेल्यासारखी दिसत होती.

मीरा म्हणाली, "मावशी, पुस्तकात बघून टाकूया ना गं." मी म्हटलं, बघूया, पण आधी मिती लावून काय यायला हवं ते काढ, मग पुस्तक उघड.

Q म्हणजे प्रवाह, त्याचं एकक m³/s, म्हणजे लांबीचा घात ३. `√(2g)` मधून लांबीचा अर्धा घात येतो, आणि सेकंदाचा हिशेबही तिथेच मिटतो. आयताकृती नॉचमध्ये नॉचची लांबी L एक घात देते. म्हणजे १ आणि ½ मिळून दीड झाले, उरलेला दीड H कडून यायला हवा. म्हणून 3/2. व्ही-नॉचमध्ये L नाही, फक्त कोन आहे आणि कोनाला मिती नाही. मग ½ सोडून उरलेले अडीच सगळे H कडून. म्हणून 5/2. रूट H वरही असता तर बेरीज तीन झालीच नसती.

```
Q=2/3 C_d L √(2g) H^(3/2)
Q=8/15 C_d tan(θ/2) √(2g) H^(5/2)
```

मितीने घात आणि रूट दोन्ही सुटले. पण 2/3 आणि 8/15 बरोबर आहेत का, किंवा कोन θ आहे की θ/2, हे मिती सांगू शकत नाही, कारण हे नुसते आकडे आहेत. तिथे ९० अंशाचा नॉच घालून पाहिला. θ/2 घेतला तर tan ४५ म्हणजे १. θ घेतला तर tan ९०, ज्याला किंमतच नाही, आणि ९० अंशाचा नॉच तर प्रयोगशाळेत रोज वापरला जातो. C_d ०.६ धरून 8/15 सह आकडा काढला तर `Q = 1.417 H^(5/2)` आलं, आणि दुसऱ्या वहीत नेमका हाच १.४१७ सापडला. मग पिवळी पट्टी काढली.

## चार आहे की नाही

इतर ठिकाणी फोटो अस्पष्ट होता. इथे दोन्ही फोटो स्वच्छ होते, आणि अडचण त्यामुळेच झाली.

घर्षणामुळे पाइपात जो हेड, म्हणजे उंचीत मोजलेली पाण्याची ऊर्जा, कमी होतो, त्याचं सूत्र एका पानावर `h_f = 4fLV²/2gD` होतं. पंधरा दिवसांनंतरच्या पानावर तेच सूत्र `h_f = fLV²/2gD` होतं. मीराचं मत, दुसऱ्या पानावर घाईत ४ राहिला, तो घालूया. माझ्या कामात मी कायम ४ नसलेलंच सूत्र वापरत आले, त्यामुळे मला पहिल्या पानावरचा ४ खटकत होता. दोघींनाही सूत्रं सारखी करायची होती, फक्त उलट्या दिशेने. मितीचा इथे उपयोग नाही, ४ ला मिती नसते. दुसऱ्या वहीत दुसरं लेक्चरच नव्हतं.

त्या संध्याकाळी आम्ही ते तसंच पिवळ्यात सोडलं आणि सकाळी फोटोतली उदाहरणं काढली. उदाहरणं टाइप करायची नाहीत पण फोटो ठेवायचे, हा निर्णय इथे उपयोगी पडला.

पहिल्या पानावरचं उदाहरण पूर्ण दिसत होतं. पाइप १०० मिमी व्यासाचा, १०० मीटर लांब, वेग १ मी/से, रेनॉल्ड्स अंक एक लाख. f काढला होता `0.079/Re^(1/4)` वरून, म्हणजे ०.००४४४. चार घालून उत्तर ०.९०६ मीटर. दुसऱ्या पानावर तोच पाइप, तोच वेग, पण f होता ०.०१८ आणि उत्तर फोटोच्या बाहेर कापलेलं. समासात अर्धवट एक शब्द दिसत होता, त्यातली `Moo` एवढीच अक्षरं वाचता येत होती.

०.०१८ ला चारने भागा. ०.००४५ येतं, म्हणजे जवळपास पहिल्या पानावरचाच f. `Moo` म्हणजे मूडी. मूडीच्या आलेखावर जो घर्षण गुणांक वाचायचा तो डार्सीचा, आणि तो पहिल्या पानावरच्या गुणांकाच्या चौपट असतो. पहिला फॅनिंगचा. दोघांनाही f च लिहितात. म्हणजे दोन्ही पानं बरोबर होती, फक्त f वेगवेगळे होते. ४ शिवाय ०.०१८ घालून उत्तर ०.९१७ मीटर येतं, पहिल्या उत्तराच्या जवळ. फरक आलेख डोळ्यांनी वाचल्याचा.

मीराने सुचवल्याप्रमाणे दुसऱ्या पानावर ४ घातला असता तर त्याच पाइपाचा लॉस ३.६७ मीटर आला असता. माझं ऐकून पहिल्या पानावरचा ४ काढला असता तर ०.२२६. दोन्ही उत्तरं दिसायला अगदी साधीसुधी, बघून कुणाला शंका येणार नाही अशी.

टाइप करताना दोन्ही सूत्रं ठेवली आणि गुणांकांना वेगळी नावं दिली:

```
h_f=(4f_F LV^2)/(2gD)    लॅमिनार: f_F=16/Re
h_f=(f_D LV^2)/(2gD)     लॅमिनार: f_D=64/Re     f_D=4f_F
```

16 आणि 64 मुद्दाम लिहिले. प्रश्नपत्रिकेत किंवा दुसऱ्या पुस्तकात नुसता f दिसला की जवळपास 16/Re आहे की 64/Re हे शोधायचं, त्यावरून ४ लावायचा की नाही ते कळतं. नंतर मीराने सरांना विचारलं. पहिला भाग त्यांनी नेमून दिलेल्या पुस्तकावरून शिकवला होता आणि मूडीचा आलेख दुसऱ्या पुस्तकातून. वर्गात त्यांनी हे तोंडी सांगितलं होतं. वहीत ते कुणीच लिहून घेतलं नव्हतं.

## जे आमच्या नजरेतून सुटलं

यादी आम्ही पानांची केली होती, विषयांची नाही. त्यामुळे अस्पष्ट पानं कळत होती, नसलेली पानं कळत नव्हती.

पाइपातला प्रवाह मोजणाऱ्या व्हेंच्युरीमीटरच्या पानावर मॅनोमीटरचं सूत्र होतं `h = x(S_m/S − 1)`, मॅनोमीटरमधला द्रव पाइपातल्या द्रवापेक्षा जड असताना, उदाहरणार्थ पारा. ते काळ्यात टाइप झालं, पण "जड असताना" ही अट मीराने लिहिली नाही, कारण फोटोत ती नव्हती. हलक्या द्रवाचं पान वीसेक गेलेल्या पानांत होतं.

पेपरला तीन दिवस असताना मीराचा फोन आला. "मावशी, अगं इन्व्हर्टेड यू-ट्यूबचं गणित सुटेना. कॅल्क्युलेटर `Math ERROR` दाखवतोय." पाइपात पाणी आणि उलट्या नळीत ०.८ सापेक्ष घनतेचं तेल होतं. तिने ०.८ भागिले १ वजा १ केलं, उणे ०.२ आलं आणि ते वर्गमुळाखाली गेलं. तिचं बटण चुकलं नव्हतं, आमच्या चौदा पानांत अर्धा भाग नव्हता. हलक्या द्रवासाठी सूत्र `h = x(1 − S_l/S)` होतं. ते निळ्यात भरलं आणि दोन्हींपुढे अट लिहिली.

इथे नशीब असं, की चुकीचं सूत्र वापरल्यावर कॅल्क्युलेटरनेच अडवलं. ४ च्या बाबतीत तसं काहीच झालं नसतं.

त्या रात्री मीराने अभ्यासक्रमाची छापील प्रत घेऊन प्रत्येक उपविषयापुढे आमच्या फाइलमधलं पान लिहिलं. सहा उपविषयांपुढे काहीच नव्हतं. त्यातले चार तिने पुस्तकातून एकेका पानात काढले, दोन सोडून दिले.

## निकाल

५२ फोटोंच्या चौदा टाइप केलेल्या पानांत ६८ सूत्रं होती. त्यातली ११ कधी ना कधी पिवळ्यात होती. ९ सुटली, २ पेपरपर्यंत पिवळीच राहिली आणि मीराने ती वापरली नाहीत. टायपिंगला सहा संध्याकाळी गेल्या, यादीचा दिवस धरून सात.

पेपर बरा गेला. गणितांत तिचे गुण कापले गेले नाहीत. हेगन-पॉइझ्युलीच्या समीकरणाची सिद्धता मात्र आली आणि ती अर्ध्यावर अडकली. शेवटचं सूत्र `h_f = 32μVL/(ρgD²)` तिला पाठ होतं, तिथपर्यंत जायची वाट आठवली नाही. सिद्धता गाळायचा निर्णय माझा होता. मला वाटलं होतं की सूत्रं पक्की झाली की वाट आपोआप सापडते. हे सूत्र निघतं ते द्रवाच्या एका बारीक वर्तुळाकार दंडगोलावरच्या दाबाच्या आणि घर्षणाच्या बलांचा तोल मांडून, आणि ती पहिली आकृती आठवली नाही तर पुढचं एकही पाऊल पडत नाही.

## पुन्हा करायचं झालं तर

सिद्धता पूर्ण टाइप करायला तेव्हाही वेळ नव्हता आणि पुढेही नसेल. पण प्रत्येक सिद्धतेची आकृती, गृहीतकं आणि पहिली ओळ एवढं ठेवलं असतं तर पानामागे तीन-चार मिनिटं गेली असती. हेगन-पॉइझ्युलीसाठी दंडगोलाची आकृती आणि "प्रवाह लॅमिनार, स्थिर, पूर्ण विकसित" एवढं पुरेसं होतं.

अभ्यासक्रमाशी ताडून पाहणं शेवटच्या तीन दिवसांत झालं, ते पहिल्या दिवशी, फोटोंच्या यादीबरोबरच व्हायला हवं होतं. तेव्हा दुसरी वही घरात होती आणि गेलेली निम्मी पानं तरी तिच्यातून मिळाली असती. आम्ही मागायला गेलो तोवर ती वही तिसऱ्याकडे गेली होती.

रंगांबद्दल मात्र मी काही बदलणार नाही. मीराची फाइल आता खालच्या वर्गात फिरते आहे. तिने देताना पीडीएफ काळी करून द्यायचं ठरवलं होतं, छापायला स्वस्त पडतं म्हणून. मी तिला निळं आणि पिवळं तसंच ठेवायला सांगितलं. जी दोन सूत्रं अजून पिवळ्यात आहेत, त्यांच्यापुढे तिने फाइलचं नाव टाकलं आहे, म्हणजे ज्याला हवं त्याला तो फोटो उघडून स्वतः पाहता येईल.